विश्लेषण : जाहिरातीतला वाघ आणि जंगलातला हिशेब

जबलपूर : २०१० सालच्या आरंभी देशभरातील दूरचित्रवाणी संचांवर वाघाचा एक बछडा दिसू लागला. आई परतण्याची वाट पाहणारा तो बछडा आणि त्याखाली झळकणारा ‘फक्त १,४११ उरले’ हा आकडा काही आठवड्यांतच घराघरांत पोहोचला. एअरसेल ही मोबाइल सेवा कंपनी आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया ही वन्यजीव संरक्षण संस्था यांनी मिळून चालविलेली ती ‘सेव्ह अवर टायगर्स’ मोहीम होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मध्य प्रदेशातील पन्ना व्याघ्र प्रकल्पात एका वाघिणीला बछडे झाले. शिकारीमुळे सारे वाघ गमावून बसलेल्या पन्नात बाहेरून आणलेल्या वाघिणीची ती पहिली वीण होती. पडद्यावरचा बछडा सर्वांच्या स्मरणात राहिला. पन्नातील बछड्यांची दखल तुलनेने थोड्यांनी घेतली.

एखादी कंपनी आणि एखादी सेवाभावी संस्था जाहिरातीसाठी एकत्र येतात, तेव्हा नेमके काय साधते आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहतो, हे समजून घेण्यासाठी या दोन घटना शेजारी ठेवून पाहणे उपयोगी आहे. कान्हा, बांधवगड आणि पेंच ही तिन्ही व्याघ्रक्षेत्रे जबलपूरपासून दीडशे-दोनशे किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. राज्य वन संशोधन संस्था आणि वन्यप्राण्यांच्या आरोग्याचे व न्यायवैद्यक तपासणीचे काम करणारे पशुवैद्यकीय विद्यापीठाचे केंद्रही याच शहरात आहे. वाघाच्या नावाने देशात कुठेही जमलेला पैसा ज्या भूमीवर खर्च व्हावा अशी अपेक्षा असते, तिचे हे एक प्रवेशद्वार होय.

कंपनीची गरज, संस्थेची गरज

एअरसेलला वाघाची गरज का भासली, हे त्या काळातील मोबाइल बाजार आठवल्यास कळते. तामिळनाडू आणि ईशान्य भारतात बस्तान बसलेली ही कंपनी २००९-१०च्या सुमारास देशभर पसरू पाहत होती. उत्तर आणि मध्य भारतातील ग्राहकांना तिचे नावही अपरिचित होते. सेकंदागणिक आकारणी सुरू झाल्याने कॉलचे दर घसरले होते आणि दराच्या बळावर वेगळेपण दाखविणे कोणत्याही कंपनीला अवघड झाले होते. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११मध्ये देशभर लागू व्हायची होती. अशा वेळी नव्या कंपनीला केवळ ग्राहक नव्हे, तर आपल्याविषयी चांगले मत असलेला ग्राहक हवा होता. महेंद्रसिंह धोनी आणि बायचुंग भुतिया यांच्यासारख्या खेळाडूंनी वाघासाठी केलेले आवाहन कंपनीचे नाव त्या मतापर्यंत घेऊन गेले.

संस्थेची गरज वेगळी होती. भारतीय वाघाशी डब्ल्यूडब्ल्यूएफचे नाते जुने आहे. १ एप्रिल १९७३ रोजी सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या उभारणीत या आंतरराष्ट्रीय संस्थेने दहा लाख डॉलर उभे करण्याचे आश्वासन दिले होते. पहिल्या नऊ प्रकल्पक्षेत्रांत कान्हाचा समावेश होता. परंतु देशातील सामान्य नागरिकापर्यंत पोहोचण्यासाठी लागणारा जाहिरातीचा पैसा अशा संस्थांकडे कधीच नसतो. देणगी म्हणून मिळालेला रुपया जाहिरातीवर खर्च केला, तर देणगीदारच प्रश्न विचारतो. कंपनीच्या जाहिरात खर्चातून संस्थेचा संदेश पोहोचतो तेव्हा ही अडचण दूर होते.

म्हणून या मोहिमेचा लाभ नाकारणे अन्यायाचे ठरेल. १,४११ हा आकडा सरकारने फेब्रुवारी २००८मध्येच जाहीर केला होता. त्या वेळी तो वृत्तपत्रांत आला आणि मागे पडला. दोन वर्षांनी जाहिरातीने तो शाळकरी मुलांच्याही तोंडी आणला. सरकारी अहवालाला जे साधले नव्हते, ते कंपनीच्या पैशाने साधले.

‘मग आम्ही काय करायचे?’

मोहिमेविषयीचा पहिला आक्षेपही याच यशातून जन्मला. जाहिरात पाहून हळहळलेल्या प्रेक्षकाला लिहा, बोला, संदेश पाठवा, इतरांना सांगा असे आवाहन होते. हे सारे केल्याने जंगलातील वाघाचे काय होणार, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. ग्राहकाने कंपनीचे सिम कार्ड घेतले किंवा रिचार्ज केले, तर त्यातील किती पैसे वाघासाठी जाणार, असे कोणतेही सूत्र त्या जाहिरातीत नव्हते. ती जनजागृतीची मोहीम होती आणि जनजागृती मोजण्याचे सर्वमान्य परिमाण नसते.

परिमाण नसल्याने एकमेव उपलब्ध आकडा, म्हणजे वाघांची संख्या, हाच यशापयशाचा निकष वाटू लागतो. तो निकष किती फसवा असतो, हे पुढच्याच गणनेने दाखविले. मार्च २०११मध्ये जाहीर झालेला राष्ट्रीय अंदाज १,७०६ होता. वाघ वाढले अशी भावना सर्वत्र पसरली. मात्र १,४११ ही मोजून काढलेली संख्या नव्हती. १,१६५ ते १,६५७ या पट्ट्यातील तो मधला अंदाज होता. शिवाय नव्या अंदाजात आधीच्या वेळी न धरलेल्या सुंदरबनातील ७० वाघांची भर होती. ते वजा केल्यास तुलनेसाठी १,६३६ हा आकडा उरतो, आणि तो आधीच्या पट्ट्याच्या आतच बसतो.

जबलपूरहून पाहिल्यास चित्र याहून निराळे होते. मध्य प्रदेशातील वाघांचा अंदाज आधीच्या ३००वरून २५७वर घसरला होता. देशाचा आकडा वर जात असताना वाघांसाठी सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या या राज्याचा आकडा खाली आला आणि ‘व्याघ्र राज्य’ हे बिरुद कर्नाटककडे गेले. पुढे हे राज्य सावरले. २०१४मध्ये ३०८, २०१८मध्ये ५२६ आणि २०२२मध्ये ७८५ असे त्याचे अंदाज आहेत. परंतु २०१०च्या घसरणीचा दोष जसा जाहिरातीला देता येत नाही, तसे नंतरच्या वाढीचे श्रेयही तिला देता येत नाही.

वाढ कशातून झाली, याचे उत्तर पन्नात सापडते. मार्च २००९मध्ये बांधवगड आणि कान्हा येथून एकेक वाघीण तेथे नेण्यात आली. कान्हाची वाघीण वायुदलाच्या हेलिकॉप्टरने नेली गेली. नोव्हेंबरमध्ये पेंचहून नर वाघ आणला, तर तो काही दिवसांतच दक्षिणेकडे, आपल्या मूळ जंगलाच्या दिशेने चालू लागला. गळ्यातील रेडिओ कॉलरच्या खुणेवर वनकर्मचारी हत्तींसह सुमारे महिनाभर त्याच्या मागावर राहिले आणि डिसेंबरच्या अखेरीस दमोह जिल्ह्यातील जंगलात त्याला बेशुद्ध करून पन्नात परत आणले. त्यानंतर चार महिन्यांत पहिले बछडे जन्माला आले. २०२२च्या गणनेत पन्नातील वाघ पन्नासच्या वर गेले होते. या कामात वनरक्षकांचे पगार, वाहने, कॉलर, पशुवैद्य आणि रात्रीची गस्त होती आणि त्याचा मुख्य भार सरकारी तिजोरीने उचलला होता.

सूत्र असते तेव्हा

ग्राहकाच्या खरेदीला देणगीची जोड देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली ती अमेरिकेत. १९८३च्या अखेरच्या तीन महिन्यांत अमेरिकन एक्स्प्रेस या कंपनीने न्यूयॉर्कमधील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी, कार्डाच्या प्रत्येक वापरामागे एक सेंट आणि प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर देण्याचे जाहीर केले. त्यातून सुमारे १७ लाख डॉलर जमले. त्याच काळात कार्डाचा वापर आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे २८ टक्क्यांनी वाढला. मोहिमेच्या जाहिरातींवर मात्र देणगीच्या दुपटीहून अधिक रक्कम खर्च झाल्याची नोंद आहे. ‘कॉज मार्केटिंग’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार तेव्हापासून जगभर पसरला आणि त्यावरील मुख्य आक्षेपही तेव्हापासूनचाच आहे. दान करण्यापेक्षा दान केल्याचे सांगण्यावर अधिक खर्च होत असेल, तर त्याला दान म्हणावे का?

तरीही त्या मोहिमेचे एक वैशिष्ट्य दखलपात्र आहे. ग्राहकाला आपला सेंट कुठे चालला आहे, हे ठाऊक होते. सूत्र उघड असले की आक्षेप घेणाऱ्यालाही हिशेब मांडता येतो. भारतात आयटीसीच्या ‘क्लासमेट’ वह्यांवर चार वह्यांमागे एक रुपया सामाजिक कामासाठी देण्याचा मजकूर छापला जात आला आहे. रुपया थोडा की पुरेसा, यावर मतभेद होऊ शकतात. पण वाद घालण्यासाठी आधार उपलब्ध आहे.

सूत्र छापले म्हणजे सारे स्पष्ट झाले असे मात्र नव्हे. कराराच्या आतील दोन संख्या वेष्टनावर क्वचितच दिसतात. पहिली कमाल मर्यादा आणि दुसरी किमान हमी. उदाहरणादाखल एका साबण कंपनीची कल्पना करू. प्रत्येक वडीमागे एक रुपया वन्यजीव संस्थेला देण्याचे तिने जाहीर केले, करारात २० लाख रुपयांची कमाल मर्यादा ठेवली आणि वाघाचे चित्र असलेल्या ५० लाख वड्या बाजारात आणल्या. विसाव्या लाखाची वडी विकली गेली तेथे देणगी संपते. उरलेल्या ३० लाख वड्या वाघाचेच चित्र घेऊन विकल्या जातात. पण त्यांच्या खरेदीतून संस्थेला एक पैसाही जात नाही. ग्राहकाला हे कळण्याचा मार्ग नसतो.

उलट विक्री मंदावली आणि केवळ तीन लाख वड्या खपल्या, तर संस्थेच्या हाती तीन लाख रुपये येतात. तोपर्यंत तिने आपले नाव आणि बोधचिन्ह देऊन टाकलेले असते. अशा वेळी ‘विक्री कितीही झाली तरी किमान दहा लाख रुपये’ अशी हमी करारात असेल, तर जोखीम कंपनीकडे राहते. ज्या करारात कमाल मर्यादा आहे पण किमान हमी नाही, त्यात नफ्याची वरची बाजू कंपनीची आणि तोट्याची खालची बाजू संस्थेची, अशी वाटणी झालेली असते.

नेमकी कोणाची खरेदी मोजली जाते, हा तिसरा बारकावा. २०१०मध्ये अमेरिकेत केएफसीने स्तनाच्या कर्करोगाविरुद्ध काम करणाऱ्या सुझन जी. कोमेन संस्थेसाठी गुलाबी रंगाच्या बकेटमागे ५० सेंटची मोहीम चालविली. देणगी मोजली जात होती ती उपाहारगृहचालकांनी मागविलेल्या बकेटवर. ग्राहकाने काउंटरवर केलेल्या खरेदीवर नव्हे. मोहिमेतून ४० लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली, म्हणजे पैसा खरोखर पोहोचला. तरीही तळलेल्या खाद्यपदार्थांच्या विक्रीला आरोग्यसंस्थेने नाव दिल्याबद्दल झालेल्या टीकेत ती रक्कम झाकोळून गेली. दिखाऊपणाचा ठपका बसण्यासाठी पैशाची लबाडी आवश्यक नसते. विकली जाणारी वस्तू आणि निवडलेले कार्य परस्परविरोधी असले, तरी ते पुरते.

कोका-कोला आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ यांनी २०११मध्ये उत्तर अमेरिकेत ध्रुवीय अस्वलांसाठी केलेली मोहीम यापेक्षा स्पष्ट होती. कंपनीचे २० लाख डॉलर ठरलेले होते आणि ग्राहकांच्या देणगीइतकी भर दहा लाख डॉलरपर्यंत घालण्याचे तिने जाहीर केले होते. तेथे तक्रार आली ती वेगळ्याच कारणाने. अस्वलांसाठी पांढरे केलेले डबे ग्राहकांना ‘डाएट कोक’चे वाटले आणि कंपनीला लवकरच लाल डबे परत आणावे लागले. देणगीच्या रकमेविषयी संशय नसला, की चर्चा डब्याच्या रंगावर थांबते.

कायदा कुठे आहे?

एअरसेलची मोहीम सुरू झाली तेव्हा कंपन्यांवर सामाजिक खर्चाचे कायदेशीर बंधन नव्हते. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार १ एप्रिल २०१४पासून ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. सीएसआर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खर्चाचा तपशील संचालक मंडळाच्या अहवालात द्यावा लागतो.

जाहिरातीसाठी केलेली भागीदारी या खर्चात धरता येईल का, हा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २२ जानेवारी २०२१ रोजी सुधारलेल्या नियमांत त्याचे उत्तर आहे. कंपनीने आपल्या उत्पादनांना किंवा सेवांना विपणनाचा लाभ मिळावा म्हणून प्रायोजकत्वाच्या स्वरूपात पाठबळ दिलेले उपक्रम सीएसआर ठरत नाहीत. वेष्टनावर वाघ छापून वस्तू विकायची आणि तीच देणगी कायद्याच्या दोन टक्क्यांतही दाखवायची, हा मार्ग त्यामुळे बंद झाला.

हा नियम योग्य आहे, पण त्यातून एक विसंगती निर्माण झाली आहे. सीएसआरच्या पैशाला अहवाल आहे, संस्थेची नोंदणी आहे आणि मोठ्या प्रकल्पांना परिणामांचे मूल्यमापनही बंधनकारक आहे. जाहिरात खर्चातून झालेल्या भागीदारीला यांपैकी काहीही लागू नाही. कंपनीच्या हिशेबात तो विपणनाचा खर्च असतो आणि तो कोणत्या संस्थेला किती गेला, हे स्वतंत्रपणे सांगण्याची सक्ती नसते. परिणामी ज्या भागीदारीविषयी जनतेला सर्वाधिक दिसते, तिच्याविषयीच सर्वांत कमी हिशेब मिळतो. ग्राहकाच्या संशयाचे मूळ कंपन्यांच्या हेतूपेक्षा या रचनेत अधिक आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ही पोकळी काही प्रमाणात भरू शकतो. महत्त्वाची माहिती जाणीवपूर्वक दडविणारी जाहिरातही या कायद्याच्या व्याख्येनुसार दिशाभूल करणारी ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पहिल्या वेळी दहा लाख आणि पुनरावृत्ती झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. ऑक्टोबर २०२४मध्ये प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दाव्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही जारी केली असून मोघम दाव्यांना पुराव्याची जोड देणे त्यांनुसार अपेक्षित आहे. देणगीची कमाल मर्यादा गाठल्यानंतरही त्याच मजकुराने विक्री सुरू ठेवणे ‘महत्त्वाची माहिती दडविणे’ ठरते का, हा या तरतुदींच्या कक्षेत विचारता येण्याजोगा प्रश्न आहे.

संस्थेच्या बाजूलाही कायद्याचा एक कोपरा आहे आणि लहान संस्था तिथेच अडखळू शकतात. देणगीदाराच्या नावाची पाटी संस्थेने आपल्या आवारात लावली आणि त्यात त्याच्या व्यवसायाची जाहिरात नसेल, तर त्या देणगीवर वस्तू व सेवा कर लागत नाही, असे ऑक्टोबर २०१९च्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे. पण संस्था आपले बोधचिन्ह कंपनीच्या वेष्टनावर वापरू देते, तेव्हा ती कृतज्ञता उरत नाही. मोबदला घेऊन दिलेली ती सेवा ठरू शकते आणि करआकारणीचा प्रश्न उभा राहतो. मंडला किंवा बालाघाटसारख्या जिल्ह्यात काम करणाऱ्या संस्थेने हे करारापूर्वी विचारात घेतले नाही, तर हाती आलेल्या रकमेचा काही भाग कराच्या रूपाने निघून जाण्याची वेळ येते.

मोजता येईल असे आश्वासन

जबलपूरच्या परिसरातील वास्तव लक्षात घेता, भागीदारीचे आश्वासन कसे असावे याचे एक ठोस उदाहरण देता येते. कान्हा आणि पेंच यांना जोडणाऱ्या जंगलपट्ट्यात गावे आहेत, शेती आहे आणि गुरे चराईसाठी जंगलात जातात. वाघाने गाय मारली, तर पशुपालकाला राज्य सरकारकडून भरपाई मिळते. परंतु पंचनामा, अर्ज आणि मंजुरी यांत दिवस जातात. त्या दिवसांत मेलेल्या गुरावर विष टाकण्याचा धोका सर्वाधिक असतो, कारण वाघ आपल्या शिकारीकडे परत येतो. हे अंतर भरून काढण्यासाठी काही वन्यजीव संस्था घटनेनंतर लगेच तात्पुरती मदत देण्याची योजना चालवितात. रक्कम मोठी नसते. तिचे महत्त्व ती वेळेवर पोहोचण्यात असते.

आता दोन आश्वासनांची तुलना करावी. ‘आमचे उत्पादन घ्या आणि वाघ वाचवा’ हे पहिले. ‘अमुक वनपरिक्षेत्रांतील, वाघाने मारलेल्या गुरांच्या मालकांना तीन दिवसांत तात्पुरती मदत देण्याचा वर्षभराचा खर्च आम्ही उचलू’ हे दुसरे. पहिल्या आश्वासनाची तपासणी करता येत नाही. वाघ वाढले तरी आणि घटले तरी कंपनी तेच म्हणू शकते. दुसऱ्या आश्वासनाची तपासणी वर्षअखेरीस कोणालाही करता येते. किती घटना घडल्या, किती मालकांना पैसे मिळाले, सरासरी किती दिवस लागले आणि त्या पट्ट्यात विषप्रयोगाची प्रकरणे नोंदली गेली का, एवढे पाहिले की पुरे. त्या पट्ट्यातील गावकरीही त्याचे साक्षीदार असतात.

कंपन्या दुसऱ्या प्रकारचे आश्वासन टाळतात, यामागे केवळ अप्रामाणिकपणा नाही. मेलेल्या गाईचे आणि भरपाईच्या अर्जाचे चित्र वेष्टनावर छापता येत नाही. बछड्याचे छापता येते. जाहिरातीला एक चेहरा लागतो आणि संरक्षणाचे काम बहुतांशी चेहऱ्याविना चालते. त्यामुळे चेहरा वापरण्यास आक्षेप नसावा. त्यामागे मोजता येणारे काम उभे आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

भागीदार निघून गेल्यावर

एअरसेलच्या कहाणीचा शेवट या विषयातील एका दुर्लक्षित धोक्याकडे लक्ष वेधतो. स्वस्त दरांच्या नव्या स्पर्धेत ही कंपनी टिकली नाही. ३० जानेवारी २०१८पासून तिने मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रासह सहा परवाना क्षेत्रांतील सेवा बंद केली आणि फेब्रुवारीअखेरीस दिवाळखोरीच्या प्रक्रियेसाठी अर्ज केला. आठ वर्षांपूर्वी जिने वाघ नामशेष होऊ नये असे आवाहन केले होते, ती कंपनीच बाजारातून नाहीशी झाली.

डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियासारखी मोठी संस्था असा भागीदार गेल्यानंतरही आपले काम चालू ठेवू शकते, कारण तिचे उत्पन्न अनेक स्रोतांतून येते. एकाच कंपनीच्या मोहिमेवर कर्मचारी नेमणाऱ्या छोट्या संस्थेला ते शक्य नसते. विपणनाचा खर्च हा कंपनीत सर्वांत आधी कापला जाणारा खर्च असतो आणि कंपनी सुस्थितीत असली तरी नवा विपणन प्रमुख नवी मोहीम घेऊन येतो. जंगलातील काम मात्र तिमाहीच्या हिशेबाने चालत नाही. पन्नात रिकामे झालेले जंगल पुन्हा वाघांनी भरायला दशकभराहून अधिक काळ लागला.

त्यामुळे संस्थेच्या दृष्टीने करारातील सर्वांत महत्त्वाचे कलम देणगीच्या दराचे नसून समाप्तीचे असते. मोहीम थांबल्यावर चालू काम किती महिने चालविण्याची रक्कम आगाऊ जमा असेल, बोधचिन्हाचा वापर कोणत्या तारखेला थांबेल, कंपनीवर गंभीर आरोप झाल्यास संस्थेला बाहेर पडता येईल का, यांची उत्तरे सहीपूर्वी लिहून घ्यावी लागतात. कंपनीचे नाव बदलते, विकले जाते, मिटते. संस्थेकडे मात्र एकच नाव असते आणि एकदा ते संशयास्पद ठरले, तर पुढचा देणगीदारही हात आखडता घेतो.

दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला करार पाहता येत नाही. पण वेष्टन पाहता येते. त्यावर संस्थेचे नाव, प्रत्येक वस्तूमागची रक्कम, कमाल मर्यादा आणि मोहिमेची अखेरची तारीख या चार गोष्टी असतील, तर कंपनीने स्वतःला हिशेबाला बांधून घेतले आहे असे समजता येते. केवळ वाघाचे चित्र आणि ‘विक्रीचा काही भाग’ एवढाच मजकूर असेल, तर तो भाग किती, हे कंपनी सोडून कोणालाच ठाऊक नसते. या चार गोष्टी छापणे बंधनकारक करण्यास नव्या कायद्याची गरजही कदाचित भासणार नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत एका परिच्छेदाची भर पुरेशी ठरू शकते. तोवर वेष्टनावरील बछडा कोणासाठी उभा आहे, याचा निर्णय प्रत्येक ग्राहकाला स्वतःच करावा लागेल.